तुम्ही विचारलंत म्हणून: एक फ्रेम जास्त, एक फॉल्ट जास्त

“सर, फ्रेम वाढवल्यावर फॉल्ट कमीच व्हायला पाहिजेत ना? मग फिफोत वाढतात कसे ओ? आणि एलआरयूत असं कधीच का होत नाही?”

प्रश्न पेज रिप्लेसमेंटचा आहे: प्रोग्रॅमचे तुकडे म्हणजे पेजेस, मेमरीतल्या त्यांच्या जागा म्हणजे फ्रेम, आणि मागितलेलं पेज आत नसलं की फॉल्ट. जागा भरली की फिफोत सगळ्यात आधी आलेलं पेज बाहेर जातं, एलआरयूत सगळ्यात जास्त वेळ न वापरलेलं. खानापूरहून येणारी मुलं हे विचारतात, निपाणी-चिकोडीकडची विचारतात, आणि नोकरीला लागलेले जुने विद्यार्थी मुलाखतीच्या आदल्या रात्री फोन करून विचारतात. बहुतेकांना पाठ करायला एक ओळ हवी असते आणि ती त्यांच्याकडे आधीपासून असते: फिफोत बेलाडीज अ‍ॅनॉमली येते, एलआरयूत येत नाही. मी कारण सांगायला लागलो की पलीकडून “बरं बरं, कळलं सर” येतं आणि फोन बंद होतो. म्हणून आता एकदा नीट लिहून ठेवतो, तेही मराठीत. बेळगावात मराठी शाळेतून आलेला मुलगा हा विषय इंग्रजीत वाचतो, इंग्रजीत लिहितो, पण गणित मनातल्या मनात मराठीतच मांडतो, हे मी वर्षानुवर्षं बघत आलोय.

हा विषय मला इतका का लागतो, त्याला एक प्रसंग कारणीभूत आहे.

एका कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिमची प्रॅक्टिकल परीक्षा होती. खानापूर तालुक्यातल्या एका गावची मुलगी, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. तिच्या वाट्याला पेज रिप्लेसमेंटचा प्रोग्रॅम आला. तिने फिफो लिहिला आणि पेजेसच्या मागण्यांची पुस्तकातलीच ओळ दिली: १ २ ३ ४ १ २ ५ १ २ ३ ४ ५. तीन फ्रेमला ९ फॉल्ट आले, चार फ्रेमला १०. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि प्रोग्रॅम चुकलाय म्हणाले. मेमरी वाढली की फॉल्ट वाढत नसतात, असं त्यांचं म्हणणं. ती म्हणाली, “नाही ओ सर, ते तसंच येतं.” त्यांनी कारण इंग्रजीत विचारलं. तिने सुरुवात केली, दुसऱ्या वाक्याला अडली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडली. तिला येत होतं. तिने वहीच्या कोपऱ्यात दोन्ही रांगा मांडून ठेवल्या होत्या आणि त्यावर बोट ठेवून ती उभी होती. पण बोट ठेवलेलं कुणी बघत नव्हतं, आणि गुण लिहून झाले होते.

मी त्या खोलीतच होतो, इंटर्नल म्हणून. मी परवानगी मागितली आणि तिच्याच वहीतल्या रांगा मोठ्याने वाचून दाखवल्या. तुम्हीही माझ्याबरोबर चला, कारण उत्तर तिथेच आहे.

तीन फ्रेम. १, २, ३ आत आली, तीन फॉल्ट. ४ आलं, सगळ्यात जुनं १ गेलं. लगेच १ मागितलं, ते नाही, म्हणून २ ला काढून १ आणलं. मग २ मागितलं, तेही आत्ताच गेलेलं, म्हणून ३ काढून २ आणलं. ५ आलं, ४ गेलं. इथपर्यंत प्रत्येक वेळी फॉल्ट, सातच्या सात. पण आत काय उरलंय बघा: १, २, ५. पुढचं मागणं १ आणि २ चंच आहे, दोन्ही सापडतात. मग ३ आणि ४ साठी दोन फॉल्ट, आणि शेवटचं ५ अजून आतच आहे. एकूण ९.

आता चार फ्रेम. १, २, ३, ४ आत, चार फॉल्ट. पुढची १ आणि २ सापडली, म्हणजे आपण दोन फॉल्टनी पुढे आहोत. सगळं इथेच वळतं. फिफोच्या रांगेत सापडण्याला किंमत नाही. १ आणि २ आत्ताच वापरली गेली, तरी रांगेत त्यांची जागा तीच राहिली, सगळ्यात पुढची, म्हणजे सगळ्यात आधी बाहेर जाणाऱ्यांची. ५ आलं तेव्हा १ गेलं. लगेच १ मागितलं, त्यासाठी २ गेलं. २ मागितलं, ३ गेलं. ३ साठी ४, ४ साठी ५, ५ साठी पुन्हा १. जे काढलं तेच पुढच्या क्षणी मागितलं जातंय, शेवटपर्यंत. सलग सहा फॉल्ट, आणि आधीचे चार धरून १०.

तीन फ्रेमवाल्याकडे १ आणि २ फॉल्ट होऊन आली होती, म्हणून ती रांगेच्या शेवटी, ताजी होऊन बसली. चार फ्रेमवाल्याकडे ती आधीच आत होती, म्हणून जुनीच राहिली. जास्तीच्या फ्रेमने जे दोन फॉल्ट वाचवले, तेच पुढे अंगाशी आले.

परीक्षकांनी ऐकलं, “दुर्मीळ केस आहे, तिने सांगायला हवं होतं” म्हणाले, आणि पुढच्या मुलाला बोलावलं. गुण बदलले नाहीत. ती मुलगी वही बंद करून बाहेर गेली आणि मी उरलेल्या मुलांच्या परीक्षा घेत बसलो.

त्या परीक्षकांचा मला राग आहे आणि तो जाणार नाही. पण त्यांची समजूत अडाण्याची होती असं मात्र म्हणणार नाही. १९६९ साली बेलाडी, नेल्सन आणि शेडलर यांनी हा प्रकार छापला तेव्हा त्यांनीच त्याला ‘अ‍ॅनॉमली’ म्हटलं. अपेक्षेच्या उलट होतं म्हणूनच ते नाव. दुर्मीळ आहे हेही एका अर्थी खरं. मोठ्या फिफोने किती जास्त फॉल्ट करावेत याला दुपटीची मर्यादा असावी असा त्यांचा कयास होता. २०१० साली फोर्नाई आणि इवान्यी यांनी दाखवलं की अशी कुठलीच मर्यादा नाही. हवी तितकी वाईट ओळ रचता येते. तेव्हा दुर्मीळ म्हणा, पण किरकोळ म्हणू नका.

आता एलआरयू. इथे मला माझ्याच जुन्या उत्तराशी भांडायचं आहे. पूर्वी मी वर्गात सांगायचो: एलआरयू वापराकडे बघतं, फिफो बघत नाही, म्हणून एलआरयू वाचतं. मुलांना ते पटायचं, अजूनही पटतं, आणि त्यात तथ्य आहे. पण तेवढ्याने भागत नाही. सगळ्यात अलीकडे वापरलेलं पेजच बाहेर काढणारी पद्धत घ्या. एलआरयूच्या बरोबर उलटी, आणि नेहमीच्या प्रोग्रॅमना ती फार वाईट पडते. तरी तिच्यात ही अ‍ॅनॉमली कधीच येत नाही. म्हणजे प्रश्न शहाणपणाचा नाही.

प्रश्न असा विचारा: कुणाचा नंबर आधी लागणार, हे फ्रेम किती आहेत त्यावर ठरतं का?

एलआरयूमध्ये ठरत नाही. पेजेस शेवटच्या वापराच्या क्रमाने लिहा, सगळ्यात ताजं आधी. वरच्या ओळीत सातव्या मागणीनंतर ही यादी होते ५, २, १, ४, ३. ही यादी फक्त मागण्यांवरून बनली. फ्रेम किती आहेत ते कुणी विचारलंच नाही. तीन फ्रेम असतील तर आत पहिली तीन: ५, २, १. चार असतील तर पहिली चार: ५, २, १, ४. छोट्यातलं सगळं मोठ्यात असणारच, कारण दोघेही एकाच यादीचे वरचे तुकडे आहेत. छोट्याला जे सापडलं ते मोठ्याला सापडलंच पाहिजे, मग मोठ्याचे फॉल्ट जास्त होतील कुठून?

फिफोचीही अशीच यादी करून बघा. फिफोच्या आत शेवटची ‘फॉल्ट झालेली’ पेजेस असतात. पण फॉल्ट कुणाचा झाला हे फ्रेमवर अवलंबून आहे! त्याच सातव्या मागणीपर्यंत तीन फ्रेमवाल्याचे फॉल्ट १, २, ३, ४, १, २, ५. त्यातले शेवटचे तीन १, २, ५. चार फ्रेमवाल्याचे फॉल्ट १, २, ३, ४, ५. शेवटचे चार २, ३, ४, ५. दोन वेगळ्या याद्या झाल्या. छोट्याकडे १ आहे, मोठ्याकडे नाही. तुमच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पायरीला एवढंच तपासा की छोट्याचा संच मोठ्यात पूर्ण बसतो का. या ओळीत तो पहिल्यांदा मोडतो तो याच ठिकाणी. मोडला म्हणजे एकूण फॉल्ट वाढतीलच असं नाही, पण मोडल्याशिवाय कधीच वाढत नाहीत.

ज्या पद्धतींत हे कधी मोडत नाही त्यांना १९७० साली मॅटसन आणि सहकाऱ्यांनी ‘स्टॅक अल्गोरिदम’ म्हटलं. एलआरयू त्यातली एक.

यावर मुलं म्हणतात, म्हणजे एलआरयूच चांगली. थांबा. याच ओळीवर तीन फ्रेमला एलआरयूचे फॉल्ट १० होतात, फिफोचे ९. चारला एलआरयूचे ८. एलआरयूची हमी स्वतःपुरती आहे: फ्रेम वाढवल्या तर तिचे स्वतःचे फॉल्ट वाढणार नाहीत. फिफोला हरवण्याची हमी तिने कधीच दिलेली नाही.

आणि खरी एलआरयू वापरतं कोण? प्रत्येक मेमरी वापराला यादी हलवायची तर मशीनचा तेवढ्यातच दम जाईल. हार्डवेअर प्रत्येक पेजला एक रेफरन्स बिट देतं, पेज वापरलं की तो १ होतो. त्यावर क्लॉक चालतं: काटा फ्रेमवरून गोल फिरतो, बिट १ दिसला की शून्य करतो, शून्य दिसला की ते पेज काढतो, आणि आपण मुलांना सांगतो की क्लॉक म्हणजे एलआरयूच्या जवळचं. मी हीच ओळ क्लॉकवर हाताने चालवली, पेज आत येताना बिट १ धरून. चार फ्रेममध्ये ५ आलं तेव्हा चारही बिट १ होते. काटा सगळे शून्य करत फिरून पहिल्या जागी आला आणि त्याने १ लाच काढलं, थेट फिफोसारखं. १ आणि २ आत्ताच वापरली होती हे सांगायला बिटकडे जागाच नव्हती, कारण तो चौघांचाही सारखाच. पुढेही सगळे फॉल्ट, एकूण १०. तीन फ्रेमला ९. जे फिफोचं, तेच क्लॉकचं.

मग मुलांना काय सांगायचं, ‘एलआरयूत येत नाही’ एवढंच? ते खरं आहे. पण ज्या मशीनवर मुलं काम करणार त्यावर ती हमी पोचत नाही, हेही खरं. माझ्यातला जुना शिक्षक म्हणतो की दुसऱ्या वर्षाच्या मुलाला क्लॉकपर्यंत नेलं तर तो परीक्षेत गोंधळेल. त्या मुलीची वही आठवली की मला ते पटत नाही. आणि परीक्षेचा कागद समोर आला की थोडं पटतं.