सात पानांचा धडा

डिसेंबरातल्या त्या रविवारी माझ्या शिकवणीतली दहावीची एक मुलगी वेळापत्रक घेऊन आली. विज्ञान भाग 1 साठी सहा आठवडे, आठवड्याला 10 तास. पुस्तकाची पानं मोजून तिने 60 तास वाटले होते. ‘कार्बनी संयुगे’ पंचवीस पानांचा, त्याला साडेदहा तास. ‘प्रकाशाचे अपवर्तन’ सातच पानांचा, त्याला तीन. आणि चाचणीत तिचे गुण गेले होते ते नेमके अपवर्तनातच.

“मॅडम, एवढासा तर धडा आहे,” ती म्हणाली.

मी घड्याळ लावलं आणि दोन्ही धड्यांची दोन-दोन पानं माझ्यासमोर करायला सांगितली. आकृती काढायची, उदाहरण वहीत सोडवायचं. कार्बनी संयुगांचं पान सरासरी 12 मिनिटांत झालं. अपवर्तनात काचेच्या चिपेची आकृती आली आणि ती अडकली. निर्गत किरण आपाती किरणाला समांतर का, हे उमगेपर्यंत तिने तीनदा खोडलं. तिथे पानाला 24 मिनिटं पडली. धडा किती अवघड, हे मी मुलांना विचारत नाही. चुकीचा धडा सांगतात. मोजून घेते.

मग हिशोब नव्याने मांडला. समजून घ्यायला कार्बनी संयुगांना पाच तास, अपवर्तनाला पावणेतीनच्या आसपास. गुणांचं वजन मी या वेळेला लावत नाही. धडा दोन गुणांचा असो वा पाच, समजायला लागायचा तेवढा वेळ लागतोच. गुण ठरवतात ते सरावाचे तास. जुन्या प्रश्नपत्रिका पाहून अपवर्तनाला चार आणि कार्बनी संयुगांना पाच गुण धरले, गुणामागे अर्धा तास. बेरीज झाली सुमारे पाच आणि साडेसात. आधी साडेतीन पटीचा असलेला फरक दीडपटीवर आला.

दहाही धड्यांचे मिळून 53 तास झाले. पण आठवड्याचे 10 मी कधीच पूर्ण धरत नाही. पाहुणे, ताप, शाळेचा कार्यक्रम यांना दोन तास जातातच. हाती उरले 48. कमी पडलेले पाच तास कमी गुणांच्या धड्यांच्या सरावातून काढले, ‘अवकाश मोहिमा’ पासून सुरुवात करून. समजून घेण्याच्या तासांना हात लावला नाही.

आठवड्यांत मांडताना अपवर्तन पहिल्या आठवड्यात घेतलं, कारण त्याशिवाय ‘भिंगे’ उघडताच येत नाही. सराव मात्र दोन आठवडे पुढे ढकलला. वाचून उठल्याबरोबर सोडवलेलं गणित सुटतं, पण ते ताज्या आठवणीवर.

पुढच्या रविवारी ती वही घेऊन आली. अपवर्तन समजून घ्यायला पावणेतीनऐवजी साडेतीन तास लागले होते. आम्ही उरलेल्या भौतिकशास्त्राच्या धड्यांचे समजून घेण्याचे तास सव्वापट केले आणि पुन्हा बेरजेला बसलो.