उठताना येणारी कळ

शरीराच्या काही जागा अशा असतात की त्या दुखल्या तरी माणूस त्यांचं नाव घेत नाही. माकडहाड ही त्यातली पहिली. ते दुखणारा माणूस घरात सांगतो, ‘कंबर धरलीय.’ डॉक्टरांकडे हात मागे नेऊन सांगतो, ‘इथं, जरा खाली.’ त्या ‘जरा खाली’चा अर्थ ऐकणाऱ्याने लावायचा. मग कमरेचा एक्स-रे निघतो, त्यात काही सापडत नाही आणि गळ्यात, म्हणजे खरं तर कमरेला, पट्टा पडतो. पट्टा चांगला असतो, पण तो दुखऱ्या जागेच्या वीतभर वर बसतो.

नाव मात्र आपल्या भाषेने नेमकं दिलं आहे. माकडाला जिथून शेपूट फुटते, तिथे माणसाला जे उरलं ते माकडहाड. कण्याच्या तळाशी तीन ते पाच, बहुतेकांत चार, लहान लहान मणके. काही एकमेकांना सांधलेले, काही किंचित हलणारे. चोचीसारखं पुढे वळलेलं हे टोक. शेपूट गेली तरी हाडाची कामं संपली नाहीत. पोटाच्या तळाची झोळी धरणारे स्नायू त्याला बांधलेले असतात आणि कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूचे काही धागेही तिथेच येऊन टेकतात. म्हणून ते दुखावलं की बसणं, उठणं आणि शौचाला जोर करणं, तिन्ही ठिकाणी त्याची आठवण होते.

सांगलीच्या मार्केट यार्डात फेब्रुवारी-मार्चला नवी हळद यायला लागली की पेढ्यांवर बसकाम वाढतं. समजा, अशा एका पेढीवर पन्नाशीतले एक दिवाणजी आहेत. जुन्या पद्धतीच्या गादी-लोडाची बैठक गेली, आता भिंतीपुढे ठेवलेलं लाकडी बाकडं आणि पुढे टेबल. एरवी ते दिवसातून चार-पाच तास बसत, सौद्यांच्या दिवसांत नऊ तास बसू लागले. पहिला तास काही नाही. दुपारनंतर ते एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर भार टाकू लागतात. चारच्या सुमारास वजनकाट्याकडे जायला उठतात आणि नेमकं उठतानाच मागे खाली सुई टोचल्यासारखी कळ येते. चार पावलं टाकली की ती विरते. उभं राहून तासभर बोलले तरी काही नाही. बसून उठले की पुन्हा तेच. तीन आठवडे असेच जातात.

बाकडं कठीण आहे, म्हणून दुखतं, असं त्यांना वाटतं आणि आपल्यालाही वाटेल. पण कठीणपणा हा दुय्यम आरोपी. पाठ ताठ ठेवून किंवा थोडं पुढे वाकून बसलं की शरीराचा भार बुडाखालच्या दोन हाडांवर जातो. बाकावर बसून तळहात बुडाखाली घातले की ही दोन हाडं टोचतात, तीच ती. भार पेलायलाच ती घडलेली असतात. त्या वेळी माकडहाडावर फारसं काही येत नाही. आता पाठ मागे टेकवा आणि बूड वीतभर पुढे सरकू द्या. ओटीपोटाच्या हाडांचा कटोरा मागे कलतो आणि दोन हाडांच्या जोडीला तिसरा पाय म्हणून माकडहाड खाली येतं. तिपाईच ती, फक्त तिसरा पाय भार घ्यायला केलेला नाही. खाली फळी असेल तर ती या टोकाला वर आणि पुढे ढकलते.

दिवाणजींच्या बाकड्यावर हेच चाललं होतं. बाकडं भिंतीपासून हातभर पुढे, त्यामुळे टेकायला मागे कलावं लागे आणि कललं की बूड सरके. फळी गुळगुळीत, म्हणून सरकायला मदतच. एसटीत मागच्या चाकाच्या मागची सीट जास्त उसळते, तिथे पाय ताणून घसरून बसणाऱ्याला प्रत्येक खड्ड्याला हाच दणका बसतो. फक्त तिथे दाबाऐवजी धक्के असतात.

मऊ गादीने हे सुटेल असं वाटतं, पण खूप मऊ बैठकीत बूड खोल रुततं, कंबर गोल होते आणि माकडहाड त्या खड्ड्यात आणखी खाली येतं. फळीवर चटकन दुखतं, गादीवर उशिरा. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांचंही तसंच. ज्यांचे गुडघे सहज खाली जातात त्यांची कंबर ताठ राहते. ज्यांचे गुडघे वर राहतात त्यांची कंबर मागे कलते आणि भार टोकावर येतो. अशांनी घडी केलेलं घोंगडं बुडाखाली घेऊन बूड गुडघ्यांपेक्षा उंच ठेवावं.

मग कळ बसताना नाही, उठताना का? माकडहाड अगदी पक्कं नसतं. बसलं की ते थोडं पुढे वळतं, उठलं की परत येतं. फ्रान्समधले डॉक्टर झाँ-इव्ह मेन्य यांनी १९९० च्या दशकात हे एक्स-रेने मोजलं. एक चित्र उभं राहून बाजूने, दुसरं दुखेल तसं बसवून, आणि दोन्हींची तुलना. पाच ते पंचवीस अंश हालचाल सर्वसाधारण मानली जाते. काहींचं हाड याहून फार वळतं, काहींचा सांधा बसताना मागे सरकतो. उठताना कुल्ल्याचे स्नायू ओढले जातात आणि सरकलेलं हाड जागेवर यायला बघतं. ती कळ त्या क्षणाची. म्हणून उठताना दुखतं का, हा प्रश्न जाणकार डॉक्टर आधी विचारतात. झोपवून काढलेल्या नेहमीच्या एक्स-रेमध्ये हा खेळ दिसत नाही. हाड त्या वेळी शांत पडलेलं असतं. कमरेच्या एक्स-रेने दिवाणजींना ‘सगळं नॉर्मल’ सांगितलं, यात नवल काही नाही.

सांधा असा ढिला होण्याचे रस्ते दोन. एक हळूहळूचा, सतत दाबाचा, जो आपण पाहिला. त्यात वजन वाढलेल्या माणसाच्या ओटीपोटाचा हाडांचा कटोरा बसताना नीट फिरत नाही आणि हाडाचं टोक मागे उघडं पडतं. दिवाणजींचं वजन गेल्या दोन वर्षांत वाढलं होतंच. दुसरीकडे, एकदम खूप बारीक झालेल्याच्या बुडाखालची चरबीची उशी जाते आणि तोही सापडतो.

दुसरा रस्ता अचानकचा. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर पाय निसटतो आणि माणूस धप्पकन बुडावर पडतो. हाडावरच्या पातळ आवरणाला ठेच लागते, आतले स्नायुबंध ताणले जातात, क्वचित हाड मोडतं. नुसती ठेच असेल तर काही दिवसांत ते काही आठवड्यांत निवळते, मोडलं असेल तर दोन-तीन महिने धरावेत. बायकांमध्ये हा त्रास पुरुषांपेक्षा बराच जास्त दिसतो. त्यांचं माकडहाड थोडं मागे आणि उघडं असतं आणि बाळंतपणात मूल त्याच्याच अंगावरून बाहेर येतं.

पडल्यापडल्या दोन दिवस शेक नको. गरम विटेचा शेक आपल्याकडे पटकन दिला जातो, पण ताज्या सुजेत तो सूज वाढवतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. नंतर शेक खुशाल. रगडून तेल लावणं मात्र कधीच नको, कारण रगडणारा हात नेमका दुखऱ्या टोकावरच दाबतो. सांगलीत हळदीची कमतरता नाही आणि लेप लावल्याने मनाला बरं वाटतं, पण लेप हाडापर्यंत पोचत नाही, एवढं समजून लावावा.

दिवाणजींनी काय केलं? आधी कोणीतरी दिलेली गोल कडी घेतली, मूळव्याधीसाठी वापरतात ती. तिने काही फरक पडला नाही, कारण कडीची मागची कड बरोबर माकडहाडाखाली येते. हवी असते ती मागच्या बाजूला उघडी असलेली उशी. चांगला कडक फोम, सुमारे तीन इंच जाड, मागच्या मध्यावर तीन इंच रुंद आणि चार इंच खोल खाच. टोक हवेत राहिलं पाहिजे. बसल्यावर मागून खाचेत दोन बोटं सहज सरकत असतील तर उशी उपयोगाची. फोम दबून बोटं अडकत असतील तर ती नुसती शोभेची. उशी हाताशी नसेल तर दोन टॉवेल घड्या करून दोन मांड्यांखाली लांब ठेवावेत आणि मध्ये तीन बोटांची फट सोडावी. दिवाणजींनी उशी येईपर्यंत आठवडाभर हेच केलं.

दुसरा बदल बाकड्याचा. ते भिंतीकडे सरकवलं आणि टेबल जवळ ओढलं, म्हणजे पुढे वाकून लिहिता येईल आणि बूड सरकायला जागा राहणार नाही. तिसरा बदल उठण्याचा. आधी कडेपर्यंत पुढे सरकायचं, पाय गुडघ्यांच्या मागे घ्यायचे, छाती पुढे नेऊन भार मांड्यांवर घ्यायचा आणि मगच उठायचं. मागे टेकलेल्या अवस्थेतून झटक्यात उठलं की सगळा झटका त्या सांध्यावर जातो. दर अर्ध्या तासाने उभं राहायचं. त्यासाठी त्यांनी मोबाइल मुद्दाम दुसऱ्या टेबलावर ठेवला, हळदीच्या भावाचे फोन त्यांना उठवू लागले. बद्धकोष्ठ असेल तर तेही सांभाळावं लागतं, कारण जोर केला की पोटाच्या तळाची झोळी ताणते आणि हाडाला ओढते.

उठताना लागणारी कळ दोन आठवड्यांत छोटी झाली आणि दोन महिन्यांत दिवसातून एखाद्या वेळेवर आली. बहुतेकांचं असंच, शस्त्रक्रियेविना सुटतं. नाही सुटलं तर त्या जागी भूल देणारं आणि सूज उतरवणारं इंजेक्शन देतात. हाड काढण्याची शस्त्रक्रिया फार थोड्यांवर होते, तीही महिनोन्महिने बाकी सगळं करून पाहिल्यावर.

पण हा हिशेब सगळ्यांना लागू नाही. कुल्ल्यांमधल्या फटीच्या वरच्या टोकाला गाठ, पू किंवा लालसरपणा असेल तर ते हाडाचं दुखणं नाही, तिथल्या त्वचेखाली केस रुतून होणारा नाडीव्रण असू शकतो आणि त्याचा इलाज वेगळा. रात्री झोपेतही दुखत असेल, ताप येत असेल, वजन कारण नसताना उतरत असेल तर उशी शोधत बसू नये. आणि मांड्यांच्या आतल्या भागाला बधिरपणा किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटणं ही घाईची गोष्ट आहे, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पेढीवर त्या उशीची पहिल्या आठवड्यात चौकशी व्हायची. दिवाणजी ती खताच्या रिकाम्या पिशवीत घालून आणतात. कोणी विचारलंच तर ‘कमरेसाठी आहे’ म्हणतात.