बाबांवरचा लेख: चौथा खर्डा

बाबांच्या जाण्यावरचा ललित लेख अडला होता, तो आता थोडा सुटलाय. चौथा खर्डा 1,150 शब्दांचा झाला. पहिला 2,300 होता.

पहिल्याची चूक कळायला सोपी युक्ती सापडली. ‘बाबा’च्या जागी शेजारच्या काकांचं नाव घालून मोठ्याने वाचलं. एकही वाक्य अडखळलं नाही. घामाचे थेंब, न भरून येणारी पोकळी, खंबीर पण प्रेमळ. काकांना तर मूलबाळ नाही, तरी सगळं चपखल बसलं! शेवटी मी बाबांनाच हाक मारून ‘तुम्ही का गेलात’ वगैरे विचारलं होतं, ते तर विचारूच नका.

त्याचा राग येऊन दुसरा खर्डा दवाखान्याची फाइल समोर ठेवून लिहिला. तारखा, वेळा, सोडियम 118, बिलाचा आकडा. वाचताना पेपरातल्या निधनवार्तेसारखं वाटायला लागलं, फक्त ‘त्यांच्या पश्चात’ तेवढं राहिलं होतं. तपशील खोटे नव्हते, पण सगळे एकाच मापाचे होते. त्या 118 वर मी बराच वेळ अडून बसलो. तो आकडा एवढा लक्षात का राहिला? डॉक्टरांनी सांगितला तेव्हा मी समजल्यासारखी मान हलवली होती. सोडियम 135 ते 145 असायला हवं, हे मला नंतर कळलं. म्हणजे लिहायची गोष्ट माझी ती मान होती. तेव्हापासून एकच चाळणी लावतोय: आकड्याचं कुणी काही केलं असेल तरच तो ठेवायचा. फाइलमधला तेवढाच एक उरला.

तिसऱ्या खर्ड्यात दवाखाना सोडून गिरणीत शिरलो. बाबांची पिठाची गिरणी होती. त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा गिऱ्हाइकांचे सात डबे दळायचे राहिले होते. बाबांचं तेरावं झालं तरी संकोचाने डबे मागायला कुणी आलं नाही. मग मीच शटर उघडलं. गहू आधी घेतले, ज्वारी नंतर, कारण धान्य बदललं की आधीचं पीठ पुढच्यात थोडं उतरतंच, आणि ते किती चालतं हे बाबा गिऱ्हाईक बघून ठरवायचे. पीठ चिमटीत घासून ते दगड जवळ आणायचे किंवा लांब न्यायचे. मला चिमटीत काहीच कळेना. एका मावशींची ज्वारी रवाळ निघाली.

इथे लेख जिवंत झाला आणि इथेच पुन्हा घसरला. डब्याच्या झाकणावर बाबा खडूने धान्य आणि किलो लिहायचे. मी त्या खडूच्या अक्षरांवर अर्धं पान खर्च केलं: शेवटचं अक्षर, थरथरता हात, काय काय. हात थरथरत नव्हता. वस्तू घेतली म्हणजे भावविवशता टळते असा माझा समज होता. पण वस्तूलाही रडायला लावता येतं.

चौथ्यात तो प्रसंग असा उरलाय:

‘मावशींनी पीठ चिमटीत घेतलं, काही बोलल्या नाहीत. पैसे किती झाले विचारलं. झाकणावरचं “ज्वारी 4” नेहमीसारखं पदराने पुसलं आणि डबा काखेला लावला.’

यापुढे ‘मला वाटलं, बाबाच पुसले गेले’ असं वाक्य होतं. ते काढलं. खरं तर तेव्हा तसं वाटलंही नव्हतं, डबा गेला म्हणून सुटल्यासारखं झालं होतं. ‘नेहमीसारखं’ मात्र मुद्दाम ठेवलंय.

मरणाचं क्रियापद अजून छळतंय. ‘निधन’ पेपरातलं, ‘देवाज्ञा’ पत्रिकेतलं, ‘वारले’ आमच्या घरात कुणी म्हणत नाही. उरतं ‘गेले’. पण परिच्छेदाच्या शेवटी एकटं ‘बाबा गेले.’ ठेवलं की नाटकातला पडदा पडतो. म्हणून ते वाक्याच्या पोटात ढकललंय: ‘बाबा गेले त्या पहाटे लाइट नव्हती, म्हणून जिन्यात मोबाइलच्या उजेडात आईला सांगितलं.’ ‘सांगितलं’वर भार जातो, तो मला हवाय. ‘म्हणून’ अजून खटकतोय.

खर्डा आईला वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, ‘गिऱ्हाइकांचे सहाच होते. सातवा आपला.’

आकडा दुरुस्त केला. सातव्या डब्याचं दळण मी केलं होतं हे नक्की, पण तो लेखात आणला तर सगळा लेख त्याच्याकडेच कलेल. तूर्त बाहेर ठेवलाय.