'बरं, मग?' – आमची वाटचाल

आमचा व्यवसाय सुरू झाला तो प्रूफं तपासण्यापासून. माहितीपत्रकं, अहवाल, स्मरणिका असं जे येईल ते वाचायचं, ऱ्हस्वदीर्घ सुधारायचं आणि परत पाठवायचं. पुढे गिऱ्हाइकं कागदाऐवजी लँडिंग पेज, म्हणजे जाहिरातीवरून आलेल्या माणसाला पहिलं दिसणारं वेबसाइटचं पान, पाठवू लागली आणि आम्ही त्यांच्यावरही तीच लाल पेन्सिल चालवत राहिलो. मजकूर शुद्ध व्हायचा, पण त्याने काम होतंय का, हे विचारायचं आमच्या डोक्यातच नव्हतं.

ते विचारायला लावलं गणिताच्या एका क्लासने. आठवी ते दहावीची मुलं, शिकवणारे सर एकटेच, आणि फोन घ्यायला एक ताई. पानावर सर्वांत वर होतं 'गुणवत्तापूर्ण शिक्षणाची उज्ज्वल परंपरा'. आम्ही ते बदलून जास्त झोकदार केलं, आता लिहायलाही लाज वाटते असं. खाली 'अनुभवी शिक्षक', 'वैयक्तिक लक्ष', 'नियमित चाचण्या' हे तसंच ठेवलं. महिन्याभराने सरांचा फोन आला. भाषा सुंदर झालीय म्हणाले, पण फॉर्म पूर्वीइतकेच, म्हणजे जवळजवळ नाहीतच.

मग मी दोन संध्याकाळी ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि पालक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. 'एका बॅचला मुलं किती?' 'सर स्वतः शिकवतात की दुसरं कोणी?' 'अर्धं वर्ष गेलंय, आता घेतलं तर मागचं कसं भरून निघणार?' आणि सगळ्यांत जास्त वेळा, वेगवेगळ्या तोंडांनी, एकच गोष्ट: 'घरी येतं त्याला, पेपरात चुकतो.' यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर पानावर नव्हतं. परंपरेबद्दल कोणी विचारलं नाही.

तिथून आमची पद्धत ठरली. क्लास जे जे देतो ते एकेक करून सरांना वाचून दाखवायचं आणि मख्ख चेहऱ्याने विचारायचं, 'बरं, मग?'

'दर शनिवारी चाचणी असते.' बरं, मग? 'सोमवारी पेपर तपासून देतो.' बरं, मग? इथे सर जरा चिडले. कपाटातून तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर टाकला. प्रत्येक चुकीसमोर समासात एक अक्षर होतं: 'प', 'आ' किंवा 'वा'. पद्धत चुकली, आकडेमोड चुकली, की प्रश्न नीट वाचला नाही. बऱ्याच वर्षांची सवय. सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. 'घरी येतं, पेपरात चुकतो' म्हणणाऱ्या आईचं उत्तर त्या समासात पडून होतं.

पानाचा मथळा त्यातून आला: 'मुलाचं गणित नेमकं कुठे चुकतं, ते दर सोमवारी तुमच्या हातात.' खाली एका खऱ्या पेपराचा फोटो, नाव झाकून, समासातली अक्षरं स्पष्ट दिसतील असा.

हा प्रश्न कुठे थांबवायचा तेही कळावं लागतं. आणखी दोनदा 'मग?' विचारलं असतं, तर उत्तर 'आत्मविश्वास वाढतो' आणि नंतर 'आयुष्य घडतं' इथे गेलं असतं, आणि ते वाक्य कुठल्याही क्लासच्या पानावर खपलं असतं. पालकाला घरबसल्या डोळ्यांनी पडताळता येईल अशा गोष्टीपाशी थांबायचं. पेपर सोमवारी आला की नाही, हे पडताळता येतं. आयुष्य घडलं का, हे नाही.

खरं भांडण झालं ते 'शंभर टक्के निकाल' या ओळीवरून. मी विचारलं, किती मुलांपैकी? मधूनच क्लास सोडून गेलेली त्यात धरलीत का? सर गप्प झाले. आकडा खोटा नव्हता, पण शेवटपर्यंत टिकलेल्यांचाच होता, आणि हे जाणकार पालकाच्या लगेच लक्षात येतं. एकदा तिथे शंका आली की पानावरच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही. ओळ काढली. त्याऐवजी बॅचमध्ये जास्तीत जास्त किती मुलं आणि शिकवणार कोण, हे साध्या वाक्यात लिहिलं, आणि सरांचा सुटाबुटातला फोटो बदलून फळ्यासमोरचा, हाताला खडू लागलेला टाकला.

अभिप्राय खूप होते, पण 'छान क्लास', 'सर उत्तम शिकवतात' असे. ते खरे असूनही खोटे वाटतात. म्हणून ताईंनी जुन्या पालकांना फोन करून एवढंच विचारलं: 'नाव घालण्याआधी तुम्हाला काय शंका होती?' एका वडिलांनी सांगितलं, मुलगा शंका विचारायला लाजतो म्हणून इथेही गप्पच बसेल असं वाटलं होतं, पण पेपरावरचं अक्षर बघून तो आपणहून सरांकडे जाऊ लागला. त्यांच्या परवानगीने ते तसंच छापलं, भाषा न सुधारता. प्रूफरीडर म्हणून हात शिवशिवत होते! ते आम्ही पेपराच्या फोटोलगतच ठेवलं. अभिप्रायांचा ढीग तळाशी रचला की तिथवर फारसं कोणी पोचत नाही. जिथे दावा, तिथेच त्याचा साक्षीदार हवा.

राहिलं नाव नोंदवणं. जुन्या पानावर 'आजच प्रवेश घ्या', 'माहितीपत्रक डाउनलोड करा', 'संपर्क करा' अशी तीन बटणं होती आणि फॉर्ममध्ये अकरा रकाने, त्यात वडिलांचा व्यवसायसुद्धा. मोबाइलवर अंगठ्याने हे कोण भरणार? शिवाय पहिल्या भेटीत कोणी प्रवेश घेत नाही. पालकाला आधी क्लास बघायचा असतो. म्हणून एकच बटण ठेवलं, 'शनिवारच्या मोफत तासाला जागा ठेवा', आणि तेच वर, मध्ये, तळाशी. रकाने दोनच, नाव आणि फोन.

इथे आम्ही पुन्हा आपटलो. फॉर्म येऊ लागले, पण त्यात पाचवीतली मुलं, बारावीतली मुलं, दुसऱ्याच विषयाची चौकशी. ताईंची संध्याकाळ 'नाही हो, आमच्याकडे तो वर्ग नाही' हे सांगण्यात जाऊ लागली. 'इयत्ता' हा रकाना परत आणला, टाइप न करता आठवी, नववी, दहावी यांतून निवडायचा, आणि त्रास थांबला. रकाने कमी करणं चांगलंच, पण गाळणीचं काम करणारा रकाना काढायचा नसतो.

आणखी एक भोक ताईंनीच दाखवलं. बटण दाबल्यावर नुसतं 'धन्यवाद' यायचं, आणि त्यांनी केलेला फोन अनोळखी नंबर म्हणून कोणी उचलायचं नाही. आता तिथे फोन कोण करणार, कोणत्या नंबरावरून आणि किती ते किती या वेळात, हे लिहिलंय. फॉर्मखाली एक बारीक ओळ: 'तुमचा नंबर फक्त या तासासाठी वापरू.' सरांना त्यावर जाहिरातीचे मेसेज पाठवायचे होते. मग ही ओळ काढा म्हटलं. त्यांनी मेसेज सोडले.

दोन मजकूर एकाच वेळी चालवून बघा, असा सल्ला आम्हाला मिळाला होता. एवढ्या छोट्या क्लासच्या पानावर माणसंच इतकी कमी येतात की चार फॉर्म इकडे, सहा तिकडे यातून काही सिद्ध होत नाही. त्याऐवजी आम्ही फोनवरचे प्रश्न मोजतो. पानावर उत्तर असलेला प्रश्न फोनवर वारंवार आला, तर ते उत्तर चुकीच्या जागी आहे किंवा कळत नाहीये. बॅचमधल्या मुलांचा आकडा असाच दोनदा वर सरकवावा लागला.

आज आम्ही तिघं आहोत. प्रूफं अजून तपासतो, पण लँडिंग पेजचं काम घेताना पहिली अट असते की आम्हाला फोनशेजारी बसू द्या. परवा ताईंचा फोन आला होता. 'बरेच जण एकच विचारतायत,' म्हणाल्या. 'शनिवारी येताना शाळेचा जुना पेपर आणला तर सर बघतील का?' सरांना विचारलं. ते हो म्हणाले. बटणाच्या वर एक ओळ वाढवली: 'येताना शाळेचा शेवटचा पेपर आणा.'