तुम्ही विचारलंत म्हणून: एजन्सीची मुलाखत आणि कंपनीचा रोल

«काका, एजन्सीमार्फत सिमेंट कंपनीत लॅबसाठी मुलाखत आहे. परमनंट कधी करणार, पीएफ मिळते का, नोटीस किती दिवसांची, असं विचारलं तर ते घेणारच नाहीत का?»

विचारावे, आणि मुलाखतीतच विचारावे. मात्र कोणता प्रश्न कोणाला विचारायचा हे आधी ठरवून जावे. कोरपना-राजुरा भागातल्या सिमेंट कारखान्यांत अशा भरतीच्या मुलाखती सहसा दोन होतात. पहिली एजन्सीचा माणूस घेतो, कधी चंद्रपूरच्या ऑफिसात तर कधी फोनवरच. दुसरी कारखान्यात, ज्या विभागात काम करायचे तिथल्या प्रमुखासमोर होते. नेमणूकपत्र, पगार, पीएफ आणि नोटीस ही एजन्सीची बाजू, तर काम, पाळी आणि पुढे रोलवर, म्हणजे थेट कंपनीच्या नोकरीत, घेण्यासाठी नाव सुचवणे ही विभागप्रमुखाची. कारखान्याच्या टाइम ऑफिसात ठेकेदारांची हजेरी आणि बिले तपासण्यात माझी नोकरी गेली, आणि त्या खिडकीतून मी पाहिले ते असे की बहुतेक मुले एजन्सीच्या माणसाला परमनंटचे विचारतात, तो हसून ‘काम पाहून करतात’ म्हणतो, आणि मुले त्यालाच वचन समजतात.

परमनंट करणे एजन्सीच्या हातात नसते. उलट, तुम्ही तिच्याकडेच राहण्यात तिचा फायदा असतो, कारण तुमच्या दर महिन्याच्या पगारावर तिला कंपनीकडून सेवाशुल्क मिळते. म्हणून एजन्सी आणि कंपनी यांच्या करारात पुष्कळदा अशी अट असते की ठरावीक मुदतीच्या आत कंपनीने माणूस थेट आपल्याकडे घेतला तर एजन्सीला रक्कम भरावी लागेल. हा करार तुम्हाला कोणी दाखवणार नाही, पण त्याबद्दल विचारता येते. एजन्सीला सरळ म्हणावे, ‘कंपनीने मला थेट घ्यायचे ठरवले तर तुमच्या करारात काही मुदत किंवा शुल्क आहे का?’ उत्तर ‘वर्षभर घेता येत नाही’ असे आले तर निदान पहिले वर्ष आशेवर काढायचे नाही हे कळते. विभागप्रमुखाला मात्र भविष्याचे विचारू नये, मागचे विचारावे: ‘गेल्या दोन वर्षांत या लॅबमधून एजन्सीची किती मुले रोलवर गेली, आणि त्यांची निवड कशी झाली?’ जिथे खरोखर कोणी गेले आहे, तिथे प्रमुख आपण होऊन सांगतो की जागा निघाली, अंतर्गत परीक्षा झाली, अमुक पदवी लागली. जिथे कोणीच गेलेले नाही, तिथे ‘स्कोप आहे’ एवढेच ऐकू येते. खात्री करायची असेल तर पाळी सुटताना गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभे राहावे. ठेकेदाराच्या पासवर वर्षानुवर्षे त्याच टेबलावर काम करणारी माणसे तिथे भेटतात.

येथे 240 दिवसांची गोष्ट निघतेच. गावोगावी ठाम समजूत आहे की 240 दिवस भरले की कंपनीला परमनंट करावेच लागते. ती हवेतून आलेली नाही: महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुना नियमांत, मालकाच्या स्वतःच्या तात्पुरत्या कामगारासाठी तशी तरतूद होती. पण एजन्सीमार्फत लागलेल्या माणसाचा मालक कागदोपत्री एजन्सी असते, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये स्पष्ट केले आहे की सरकारने एखाद्या कामातली ठेकेदारी बंद केली तरी त्या कामगारांना कंपनीत आपोआप नोकरी मिळत नाही. ठेका निव्वळ देखावा होता हे सिद्ध झाले तर गोष्ट वेगळी, पण ते सिद्ध करण्यात वर्षे जातात. त्यामुळे मुलाखतीत 240 दिवसांचा हिशेब मांडू नये. त्याने काही साधत नाही.

आता पगार. असे समजू की एजन्सीने ‘सीटीसी 17,438’ सांगितली, म्हणजे तुमच्यावर महिन्याला होणारा एकूण खर्च. घरी मुलगा साडेसतरा हजार म्हणून सांगतो आणि पहिल्या महिन्यात खात्यात 12,887 पडले की फसवणूक झाली म्हणतो. फसवणूक बहुधा नसते. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 15,000 असेल, तर एजन्सी पीएफ, विमा आणि प्रशासन शुल्क मिळून 13 टक्के, म्हणजे 1,950 रुपये, आणि ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, सव्वातीन टक्के, म्हणजे 488 रुपये, आपल्या बाजूने भरते. तेही सीटीसीत मोजलेले असतात. मग तुमच्या 15,000 मधून पीएफचे 1,800, ईएसआयचे 113 आणि व्यवसाय कराचे 200 कापले जातात. (मुलींना या पगारावर व्यवसाय कर नाही.) म्हणून आकडा विचारताना ‘हातात किती, आणि मूळ पगार किती’ असे दोन प्रश्न करावे. मूळ पगार कमी दाखवला तर हातात थोडे जास्त येते, पण पीएफ त्याच प्रमाणात रोडावते.

पीएफ कापणे आणि ते भरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पगारपत्रकावर कपात दिसते, पण यूएएनच्या, म्हणजे तुमच्या पीएफ क्रमांकाच्या, पासबुकात नोंद नसते, असे प्रकार माझ्यासमोर आले आहेत. रुजू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पासबुक उघडून पाहावे, आणि नोंद नसेल तर कंपनीच्या टाइम ऑफिसला लेखी कळवावे, कारण ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर ती जबाबदारी शेवटी मूळ कंपनीवर येते आणि तिच्या हातात एजन्सीचे बिल रोखणे असते. ईएसआयबद्दल एवढेच विचारावे की दवाखाना कोणता जोडणार. कार्ड असून दवाखाना साठ किलोमीटरवर असेल तर तापात त्याचा उपयोग नाही. आणि बस! कंपनीची बस एजन्सीच्या माणसांना घेते का, हे विचारायला कोणी धजत नाही. दुसरी पाळी रात्री सुटते तेव्हा आपल्या खेड्याकडे एसटी नसते, आणि पेट्रोलवर जाणारा पैसा कोणत्याही भत्त्यापेक्षा मोठा ठरतो.

राहिली नोटीस. नेमणूकपत्रातले ते कलम दोन्ही बाजूंनी वाचावे. तुम्ही सोडताना 30 दिवस, नाहीतर तेवढ्या दिवसांच्या पगाराची वसुली, असे असते. एजन्सीच्या बाजूने मात्र ‘ग्राहक कंपनीची गरज संपल्यास नेमणूक तत्काळ संपेल’ असे एक वाक्य खाली कुठेतरी असते. त्यावर शांतपणे विचारावे, ‘कंपनीने काम थांबवले तर मला किती दिवस आधी कळेल, त्या दिवसांचा पगार मिळेल का, आणि दुसऱ्या जागी पाठवणार का?’ सोबत हेही विचारावे की ठेका दुसऱ्या एजन्सीकडे गेला तर जुनी सेवा धरली जाते की नवे नेमणूकपत्र पहिल्या दिवसापासून सुरू होते. माणसे तीच आणि एजन्सी नवी, असे आपल्याकडे नेहमी होते. नेमणूक ठरावीक मुदतीची असेल, तर 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. म्हणून पत्रात ‘मुदतीची नेमणूक’ असे लिहिले आहे का, हे पाहून घ्यावे.

मूळ गुणपत्रिका किंवा सही केलेला कोरा चेक मागितला, तर झेरॉक्स देऊन मूळ कागद दाखवून परत घ्यावे, चेक देऊ नये. आणि ‘आत्ताच सही करा, नाहीतर दुसरा उभा आहे’ असे म्हणाले, तर पत्राचे फोटो व्हॉट्सॲपवर मागून एक रात्र वेळ घ्यावा. ज्यांना माणूस खरोखर हवा असतो, ते एका रात्रीसाठी थांबतात. लॅबला केमिस्ट्रीचा पदवीधर मुलगा शोधायलाही त्यांना दोन-चार दिवस लागलेलेच असतात.