चटणीचं पाकीट आणि रीलचे पैसे

"चटणीची दोन पाकिटं दिली की कुणीही रील करून देतं, मग वर पैसे कशाला? आणि त्या रीलमुळेच खप वाढला हे तुम्हाला कळतं कसं?"

माझ्या दुकानातल्या शेंगदाण्याच्या चटणीचं पाकीट मी रील करणाऱ्यांना चव बघायला पाठवते. कडक भाकरी, धपाटे असे आपल्याकडचे पदार्थ दाखवणाऱ्या एका ताईंना पाव किलोची दोन पाकिटं पाठवली तेव्हाच सांगितलं होतं, आवडली नाही तर काही टाकू नका. तीन दिवसांनी त्यांचा फोन आला, "ताई, ही मिक्सरची आहे का? तेल सुटलेलं नाही." खरंच त्या घाण्यात मिक्सरची चटणी गेली होती. उखळात कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटतं, चिमटीत दाबली की चटणीचा गोळा होतो. मी कुटलेली चटणी पुन्हा पाठवली आणि काम त्यांनाच द्यायचं ठरवलं.

त्यांचे फॉलोअर्स जेमतेम 6 हजार. पण इन्स्टाग्रामवरची शहरांची यादी त्यांनी मला दाखवली, तर निम्म्याहून जास्त माणसं सोलापूर, बार्शी, पंढरपूरकडची. माझा माल तिथेच जातो. रीलचे 2,400 रुपये ठरले, निम्मे आधी. भाकरी थापण्यापासून एडिटिंगपर्यंत त्यांचा अख्खा दिवस गेला, त्याचे पैसे द्यायलाच हवेत. 'पेड पार्टनरशिप' हे लेबल मीच आग्रहाने लावायला सांगितलं. पैसे न देता नुसता माल दिला तरी तसं जाहीर करावं लागतं, हे बऱ्याच दुकानदारांना माहीत नसतं. "जरा तिखट आहे" हे त्यांचं वाक्यही मी काढायला लावलं नाही.

आता हिशोब. 120 रुपयांच्या पाकिटामागे मला 40 सुटतात. त्यांना BHAKRI10 हे कूपन दिलं, 10 रुपये सूट, म्हणजे हातात 30. तीन आठवड्यांत कूपनवर 52 पाकिटं गेली, त्याचे 1,560. एवढ्यावर थांबले असते तर तोटाच दिसला असता. पण दुकानात येणारी माणसं कूपन सांगत नाहीत, मोबाईल पुढे धरून "ही चटणी द्या" म्हणतात. गल्ल्यावरच्या मुलाने प्रत्येकाला "कुठं बघितलं?" विचारून वहीत रेघा मारल्या. अशी 31 पाकिटं, त्याचे 1,240. एकूण 2,800 आले. रीलचे 2,400 आणि नमुन्याच्या पहिल्या दोन पाकिटांचे 160 वजा केले तर 240 उरले. पुढच्या महिन्यात त्यातलेच 14 जण कूपन नसताना परत आले, मला खरा आनंद त्याचा झाला.

त्याआधीच्या वर्षी मात्र मी फसले होते. जानेवारीत, सोलापूरच्या ऐन गड्ड्याच्या यात्रेत दुसऱ्या एकाची रील टाकली, खप दुप्पट झाला आणि श्रेय रीलला दिलं. यात्रेत तो दरवर्षीच वाढतो, हे जुन्या वह्या काढल्यावर दिसलं. आता रील यात्रा उलटल्यावरच करते, तीही आधीच्या तीन आठवड्यांचा खप लिहून ठेवून.