पांढरंफटक आभाळ गडद केलं, पण गच्चीच्या कडेला चकाकी नाही आली

मे महिन्यातलं सोलापूरचं आभाळ दुपारी निळं नसतंच, पांढरंफटक असतं. मित्राच्या नव्या घराचा फोटो तसाच आला, रॉमध्ये काढला होता म्हणून बरं. लाइटरूममध्ये J दाबून बघितलं तर लाल ठिपके, म्हणजे पूर्ण जळालेला भाग, सूर्याच्या बाजूच्या कोपऱ्यातच होते, बाकी आभाळात डिटेल शिल्लक होतं. सगळंच जळालेलं असेल तर कुठलाही मास्क लावा, आभाळ नुसतं राखाडी होतं.

वरून खाली लिनिअर ग्रेडियंट ओढला, गच्चीच्या कठड्यापर्यंत. आता कठडाही काळवंडतो, म्हणून त्याच मास्कवर Luminance Range इंटरसेक्ट केलं, म्हणजे ग्रेडियंटमधला फक्त उजेडाचा भाग धरला जातो. रेंज आधी 85 ते 100 ठेवली आणि 200 टक्के झूम केलं तर कठड्याच्या वर बारीक पांढरी रेघ, अगदी दोऱ्यासारखी.

ती रेघ का येते ते कळलं की काम सोपं होतं. कडेवरचे पिक्सेल अर्धे आभाळ अर्धी भिंत असतात, त्यांचा उजेड मधला, त्यामुळे ते 85 च्या खाली राहतात आणि गडद होतच नाहीत. मी खालची हद्द 60 वर आणली आणि तिचा उतार 35 पर्यंत ताणला, मग ते पिक्सेलही थोडे थोडे गडद झाले आणि रेघ गेली.

पण हद्द खाली आणली की गच्चीवरची पांढरी पाण्याची टाकी मास्कमध्ये आली आणि मळकट दिसायला लागली. ती ब्रशने Subtract केली, पण ब्रश टाकीच्या कडेच्या किंचित आतच फिरवायचा, बाहेर आभाळावर गेला की तेवढं आभाळ उजळ राहतं आणि टाकीभोवती कडं दिसतं.

दुसरी चकाकी वेगळीच, रुंद आणि धुरकट, घराभोवती वलय असल्यासारखी. ती मास्कमुळे नसते, हायलाइट्स -100 आणि डीहेझ जास्त ओढलं की येते, कारण हे स्लायडर आजूबाजूचा उजेड बघून काम करतात आणि गडद भिंतीजवळचं आभाळ कमी दाबतात. ओळखायला सोपं, मास्क तसाच चालू ठेवून फक्त हे दोन स्लायडर शून्य केले की वलय जातं. म्हणून मी आभाळाला एक्स्पोजर -0.80 दिलं, हायलाइट्स -25, डीहेझ फक्त 5. एक्स्पोजर सगळ्यांना सारखं खाली आणतं, त्यात वलय तयारच होत नाही.

आणि क्षितिजाजवळ आभाळ मुळातच थोडं उजळ असतं, ते तसंच राहू द्या, ग्रेडियंटचा उतार लांब ठेवला की आपोआप राहतं. मी खालचं टोक कठड्याच्या बरंच खाली, खिडक्यांपर्यंत नेलं, भिंती मास्कमध्ये येतच नव्हत्या त्यामुळे त्याचा त्रास काही झाला नाही.